जांभ्याच्या भिंतीचं दुसरं आरए बिल: मापवही हातात घेऊन जागेवर कसं तपासायचं

ठेकेदाराचं चालू बिल, म्हणजे साइटच्या भाषेत आरए बिल, तपासायला बसलेला नवा माणूस पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढतो. गुणाकार बरोबर येतात, बेरीज जुळते, आणि प्रत्येक ओळीवर टिक पडते. पण ठेकेदाराच्या बिलात गुणाकार क्वचितच चुकतो. चूक असते ती गुणाकाराआधी लिहिलेल्या मापात, आणि ते माप कागदावर बघून खरं की खोटं हे कळत नाही. त्यासाठी टेप घेऊन भिंतीपाशीच जावं लागतं.

हे कसं करायचं ते एका कामावरून बघू. रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत शाळेच्या आवारामागे जांभ्याची संरक्षक भिंत बांधली जाते आहे, असं समजा. एकूण लांबी ४० मीटर. खाली १.१० मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्यावर ०.९० मीटर रुंद आणि ०.४५ मीटर उंच चिऱ्याची पायरी, आणि पायरीवर भिंत. भिंत बुडाला ०.७० मीटर, दीड मीटर उंचीवर माथ्याला ०.४० मीटर, म्हणजे एका बाजूने ढाळ देत निमुळती होत गेलेली. पायाचं आणि वरचं बांधकाम निविदेत एकाच आयटमखाली आहे. पहिलं बिल देऊन झालंय. आता दुसरं आलंय.

आधी बिलाची रचना समजून घ्या

आरए बिल हे फक्त गेल्या महिन्याच्या कामाचं नसतं. त्यात प्रत्येक आयटमचं सुरुवातीपासून आजपर्यंतचं परिमाण लिहायचं असतं, त्यातून मागच्या बिलात दिलेलं वजा करायचं, आणि उरेल तेवढ्याचे पैसे या वेळी द्यायचे. नव्या माणसाला हा उलटा फेरा वाटतो. गेल्या बिलानंतर जेवढं वाढलं तेवढंच मोजलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. फक्त वाढ मोजत गेलात तर पहिल्या बिलातली चूक कायमची झाकली जाते, कारण त्या भागाकडे परत कुणी बघतच नाही. शिवाय जुनं काम कुठे संपलं आणि नवं कुठून सुरू झालं याची भिंतीवर रेघ नसते. एकच मीटर दोन बिलांत मोजला जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. आजपर्यंतचं सगळं मोजलं की ती शक्यता उरत नाही, आणि मागच्या वेळी जास्त गेलेलं असेल तर ते या वेळी आपोआप वळतं होतं.

या कामातलं ठेकेदाराचं दुसरं बिल असं आहे: मुरमातली खोदाई आजपर्यंत ११.८८ घनमीटर, म्हणजे मागच्याइतकीच. जांभा खडकातली खोदाई २२.३२. पीसीसी ५.४०. चिऱ्याचं बांधकाम ३७.३५. मागच्या बिलात जांभ्यातली खोदाई ७.९२, पीसीसी २.९७ आणि बांधकाम १४.२० दिलं गेलं होतं.

साइटवर जाण्याआधी एक काम घरीच करा. या प्रत्येक आकड्यामागची लांबी, रुंदी, उंची ठेकेदाराकडून मागून घ्या. नुसता "बांधकाम ३७.३५" असा आकडा तपासता येत नाही. मापाची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मोजणीची तारीख ठरवू नका, आणि ती तारीख ठेकेदाराला लेखी कळवा. मोजणीला तो किंवा त्याचा माणूस हजर पाहिजे. एकट्याने घेतलेल्या मापावर नंतर वाद होतो, आणि तो वाद मग टेपने सुटत नाही.

सोबत ३० मीटरचा स्टील टेप, ५ मीटरचा खिशातला टेप, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, लाइनदोरी, ऑइलपेंटची छोटी डबी, नकाशा, निविदेतली आयटमची वर्णनं आणि मापवही घ्या. कापडी टेप नको, तो ताणला जातो आणि ओला झाला की आणखीच.

जे आता दिसत नाही, ते आधी

मोजणीला गेल्यावर नजर भिंतीवर जाते. पण सुरुवात जमिनीखालून करा, कारण पैसे बुडतात ते तिथे.

पहिल्या १८ मीटरचा पाया पहिल्या बिलाच्या वेळीच मोजून मापवहीत लिहिला गेला होता, आणि आता तो बुजलाय. तो पुन्हा मोजता येणार नाही. तिथे तुमचा आधार जुनी नोंद एवढाच. पुढच्या १२ मीटरची नोंद मात्र दोन बिलांच्या मध्ये व्हायला हवी होती: खोदाई झाल्यावर पीसीसीच्या आधी एकदा, पीसीसी झाल्यावर पायरीच्या आधी एकदा. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाचा हाच नियम आहे. बिल येईपर्यंत थांबायचं नाही. ज्या दिवशी काम झाकलं जाणार त्याच्या आधी माप घ्यायचं, त्याच दिवशी मापवहीत चढवायचं आणि ठेकेदाराची सही घ्यायची.

कोकणात याला आणखी एक कारण आहे. मेच्या शेवटी उघडा राहिलेला चर जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत ढासळतो. कडा खाली येतात, तळाशी गाळ बसतो. त्यानंतर टेप लावला तर रुंदी जास्त आणि खोली कमी येते, आणि दोन्ही मापं खोटी असतात. खाडीलगत तर भरतीचं पाणी तळातून वर येतं. म्हणून पावसाच्या तोंडावर चर उघडा असेल तर काम झाकलं जाण्याची वाट न बघता माप आधीच घेऊन ठेवा.

आता खोदाईची ओळ. पुढच्या १२ मीटरसाठी ठेकेदाराने १२ गुणिले १.२० गुणिले १.०० असे १४.४० घनमीटर धरलेत, आणि सगळे जांभ्यात. यात तीन गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली रुंदी. चर प्रत्यक्षात १.२० मीटर रुंद असेलही, गवंड्याला उभं राहायला जागा लागते. पण निविदेत वेगळं लिहिलेलं नसेल तर पायाच्या खोदाईचे पैसे पीसीसीच्या रुंदीएवढेच मिळतात, इथे १.१० मीटर. जास्तीची खोदाई ठेकेदाराने आपल्या सोयीसाठी केलेली असते.

दुसरी खोली. पीसीसीच्या आधी घेतलेल्या नोंदीत सरासरी खोली ०.९५ मीटर आहे. चर कुठेच अगदी सपाट नसतो, म्हणून दर तीन मीटरला एक वाचन घेऊन सरासरी काढायची. एकाच जागी, आणि तीही सगळ्यात खोल जागी, टेप सोडून मिळालेला आकडा म्हणजे खोली नव्हे.

तिसरी, आणि खरा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे थर. मुरमातल्या खोदाईचा दर आणि खडकातल्या खोदाईचा दर यांत मोठं अंतर असतं. एकदा चर बुजला की त्यात काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही. नोंदीप्रमाणे या १२ मीटरमध्ये वरचे ०.३५ मीटर मुरूम आणि खालचे ०.६० मीटर जांभा होता. कोकणात वरून मऊ, खाली कडक हा क्रम गृहीत धरू नका. सड्यावर नेमकं उलटं सापडतं: वर उन्हापावसाने कडक झालेला जांभ्याचा थर आणि खाली मऊ, चिकण, फिकट माती. म्हणून चराच्या उभ्या कडेला टेप लावून, दोन थरांची सीमा दिसेल असा फोटो काढून ठेवा. जांभा कुठल्या वर्गात धरायचा, मऊ खडक की आणखी काही, हे तुमच्या निविदेच्या आयटममध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून मगच चरात उतरा, कारण तिथे ठेकेदाराशी होणारी चर्चा याच शब्दावर होते.

हिशोब असा होतो. मुरमात १२ × १.१० × ०.३५ म्हणजे ४.६२ घनमीटर. जांभ्यात १२ × १.१० × ०.६० म्हणजे ७.९२. ठेकेदाराने मुरमाचे ४.६२ मागितलेच नव्हते. ते त्याला द्यायचे. तपासणी म्हणजे फक्त कापाकापी नव्हे, जे त्याच्या नजरेतून सुटलं तेही मापवहीत आलं पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्या मापावर तो विश्वास ठेवतो तो यामुळेच.

पीसीसीला फार वेळ लागत नाही. ठेकेदाराने सबंध ३० मीटरला १.२० रुंदी धरून ५.४० लिहिलेत. चराची रुंदी पीसीसीला लावण्याची ही नेहमीची चूक आहे. नोंदीत फळ्यांमधली रुंदी १.१० आणि जाडी ०.१५ आहे, म्हणून ३० × १.१० × ०.१५ म्हणजे ४.९५. जाडी मोजताना पीसीसीच्या मोकळ्या कडेला मोजा. तळ खडबडीत असल्याने कुठे जास्त काँक्रीट गेलं असेल तर ते नकाशाच्या जाडीपुरतंच धरलं जातं. कमी भरलं असेल तर मात्र प्रत्यक्ष सरासरी जाडीच धरायची, आणि ती बाब वरिष्ठांच्या कानावर घालायची.

भिंत: रुंदी कुठली आणि उंची कुठून

आता मुख्य आयटम. पायरीबद्दल वाद नाही: ३० × ०.९० × ०.४५ म्हणजे १२.१५. वरच्या भिंतीसाठी ठेकेदाराने ३० × ०.७० × १.२० असे २५.२० घनमीटर लावलेत. या एका ओळीत दोन चुका आहेत, आणि दोन्ही अशा आहेत की कागदावर बघणाऱ्याला दिसत नाहीत.

निमुळत्या भिंतीची रुंदी म्हणजे बुडाची रुंदी नव्हे, बूड आणि माथा यांची सरासरी. हे बहुतेकांना माहीत असतं. पण मग नवा तपासणारा नकाशातला माथा, ०.४०, घेऊन सरासरी ०.५५ काढतो, आणि तेही चुकतं, या वेळी ठेकेदाराच्या तोट्याचं. कारण भिंत अजून दीड मीटर झालेलीच नाही. ०.४० हा माथा पूर्ण उंचीवरचा. आज भिंत जिथे थांबली आहे तिथली रुंदी मोजायची.

भिंतीचा ढाळ दीड मीटरला ०.३० मीटर, म्हणजे दर मीटर उंचीला ०.२० मीटर. १.२० मीटर उंचीवर भिंत ०.७० वजा ०.२४, म्हणजे ०.४६ मीटर रुंद असायला हवी. पहिल्या १८ मीटरमध्ये तीन ठिकाणी टेप लावला आणि ०.४६, ०.४७, ०.४५ असं आलं, तर सरासरी ०.४६ बसते, आणि ढाळ नकाशाप्रमाणे राखलाय हेही त्याच वेळी कळतं. माप चिऱ्यांच्या तोंडापासून तोंडापर्यंत घ्या. बाहेर आलेला एखादा चिरा किंवा सांध्यातून ओघळलेला माल मापात धरू नका. बुडाची ०.७० रुंदी पहिल्या १८ मीटरमध्ये आता जमिनीखाली आहे, ती पहिल्या बिलाच्या नोंदीतून घ्यायची. पुढच्या १२ मीटरचा चर अजून बुजवलेला नाही, तिथे ती हाताने मोजता येते.

उंचीची गोष्ट थोडी नाजूक आहे. उंची पायरीच्या माथ्यापासून धरायची, आणि पहिल्या भागात पायरी दिसतच नाही. जमिनीवर दिसणारी भिंत ०.८० आहे आणि नोंदीप्रमाणे ०.४० खाली आहे, म्हणून १.२०, असं म्हणता येतं. पण भिंतीलगतची जमीन तेवढीच राहिली आहे का? साइटवर माती इकडची तिकडे होते. जमीन दहा सेंटिमीटरने खाली गेली असेल तर भिंत तेवढीच जास्त उंच दिसते.

यावर भरवशाचा उपाय पाण्याच्या नळीचा आहे. काम सुरू होताना शाळेच्या जोत्यावर, म्हणजे जे हलणार नाही अशा जागी, रंगाची आडवी खूण करून ठेवायची. पायरी झाली की नळीने त्या खुणेपासून पायरीचा माथा किती खाली आहे ते मोजून मापवहीत लिहायचं. इथे ती नोंद १.३५ मीटरची आहे. आज त्याच खुणेपासून भिंतीचा माथा ०.१५ मीटर खाली आहे. १.३५ वजा ०.१५, उंची १.२०. जमिनीचं काहीही झालेलं असो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी समान उभं राहतं का हे आधी बघून घ्या.

पहिल्या १८ मीटरसाठी ठेकेदाराची उंची बरोबर निघाली. पण पुढच्या १२ मीटरमध्ये भिंत पायरीच्या वर फक्त ०.८० मीटर झाली आहे. त्याने पहिल्या भागाची उंची सगळ्या लांबीला लावली. मुद्दाम असेल किंवा नसेल, चालू कामात हे सारखं होतं, कारण भिंत नेहमी एका टोकाला पुढे गेलेली आणि दुसऱ्या टोकाला मागे राहिलेली असते. जिथे उंची बदलते तिथे मापाची ओळ तोडायची. सलग लांबी आणि एकच उंची असं माप चालू बिलात दिसलं की थांबून बघायचं. त्या भागाचा माथा ०.७० वजा ०.१६, म्हणजे ०.५४ मीटर रुंद, आणि टेपनेही तेवढाच आला.

राहिली मोरी. नवव्या मीटरवर पावसाचं पाणी जायला ०.६० रुंद आणि वरच्या फरशीसह ०.५० उंच तोंड सोडलंय. फरशीचे पैसे वेगळ्या आयटममध्ये आहेत. बांधकामात ०.१० चौरस मीटरपर्यंतची पोकळी वजा करत नाहीत, भारतीय मानक १२०० ची मोजणीची पद्धत तशीच आहे. हे तोंड ०.३० चौरस मीटरचं आहे, म्हणून वजा होणार. पाणी झिरपायला ठेवलेले १०० मिलिमीटरचे पाइप मात्र प्रत्येकी ०.०१ चौरस मीटरही भरत नाहीत, ते वजा करायचे नाहीत. नवे तपासणारे कधी कधी हे पाइप मोजत बसतात आणि मोरी विसरतात. मोरी पायरीपासून ०.४० ते ०.९० या उंचीत आहे, तिथे भिंत ०.६२ पासून ०.५२ पर्यंत निमुळती होते, म्हणून सरासरी ०.५७.

मापवहीत लिहिताना

मापवहीतली नोंद जागेवरच करायची. घरी जाऊन चिठ्ठीवरून उतरवायची नाही. पानावर वर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, करारनामा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि मोजणीची तारीख. खाली आयटम क्रमांक, निविदेतलं वर्णन, आणि मग मापं. लांबी-रुंदी मीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत, घनफळही दोन दशांशांपर्यंत. पाऊस असेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं बॉलपेन वापरा.

या आयटमची नोंद अशी दिसेल:

| तपशील | नग | लांबी | सरासरी रुंदी | उंची | घनमीटर |
|---|---|---|---|---|---|
| पायरी, ० ते ३० मी. | १ | ३०.०० | ०.९० | ०.४५ | १२.१५ |
| भिंत, ० ते १८ मी. | १ | १८.०० | (०.७० + ०.४६) ÷ २ = ०.५८ | १.२० | १२.५३ |
| भिंत, १८ ते ३० मी. | १ | १२.०० | (०.७० + ०.५४) ÷ २ = ०.६२ | ०.८० | ५.९५ |
| वजा: मोरी, ९ मी. वर | १ | ०.६० | (०.६२ + ०.५२) ÷ २ = ०.५७ | ०.५० | ०.१७ |
| आजपर्यंत एकूण | | | | | ३०.४६ |
| वजा: मागील बिल, याच वहीचं पान १४ | | | | | १४.२० |
| या बिलात देय | | | | | १६.२६ |

तक्त्यातल्या "० ते १८ मी." या शब्दांकडे लक्ष द्या. लांबी १८ मीटर एवढंच लिहिलं तर कुठले १८ हे कळत नाही. आवाराच्या कोपऱ्यातून शून्य धरून भिंतीवर दर तीन मीटरला रंगाने आकडा टाका, आणि मापवहीत तेच आकडे वापरा. सहा महिन्यांनी दुसरा कुणी वही उघडेल तेव्हा तो त्या आकड्यापाशी जाऊन उभा राहू शकला पाहिजे. मागचं परिमाण वजा करताना वहीचा आणि पानाचा क्रमांक लिहायचा तोही यासाठीच. नुसतं "मागील १४.२०" लिहिलं तर ते कुठून आलं हे शोधायला पुन्हा सगळी वही चाळावी लागते.

चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही. पान फाडायचं नाही, मधे कोरी जागा सोडायची नाही. राहिलीच तर तिरपी रेघ मारून बंद करायची, नाहीतर त्या जागेत नंतर एखादी ओळ "आठवते". शेवटी "मोजमाप माझ्यासमोर झाले व मान्य आहे" असं लिहून ठेकेदाराची सही आणि तारीख.

चिऱ्यांचा उलटा हिशोब

मापं घेऊन झाल्यावर एक ढोबळ पडताळणी करता येते, आणि चिऱ्याच्या कामात ती फार उपयोगी पडते. चिऱ्याचा आकार खाणीप्रमाणे थोडाफार बदलतो, म्हणून ऐकीव आकार न घेता ढिगातले दहा चिरे मोजून सरासरी काढा आणि त्यात मालाच्या सांध्याची जाडी मिळवा. समजा सांध्यासह ०.३७ × ०.२४ × ०.१९ आलं. म्हणजे एका घनमीटरला साधारण ५९ चिरे.

ठेकेदाराच्या ३७.३५ घनमीटरला सुमारे २,२०० चिरे लागतील. तुमच्या ३०.४६ ला सुमारे १,८००. साइटवर आलेल्या गाड्यांच्या पावत्या जोडल्या आणि १,९५० चिरे आले, त्यातले ११० अजून ढिगात आहेत, असं निघालं, तर १,८४० वापरले गेले. फुटलेले आणि ढाळासाठी तासलेले धरून हे तुमच्या मापाशी जुळतं. जे चिरे आलेच नाहीत ते भिंतीत असू शकत नाहीत. हा हिशोब बिलाला लावायचा नाही, तो फक्त तुमच्या मापात मोठी चूक नाही एवढं सांगतो. आणि ढिगातल्या ११० चिऱ्यांचे पैसे बांधकाम म्हणून मागितले गेले तर ते द्यायचे नाहीत. सामानावर उचल द्यायची तरतूद करारात असेल तर ती वेगळी नोंदवली जाते.

पैशाचा गोषवारा

समजण्यासाठी दर धरू: मुरमातली खोदाई २००, जांभ्यातली ५००, पीसीसी ५,५०० आणि बांधकाम ६,००० रुपये घनमीटर. प्रत्यक्ष दर तुमच्या निविदेत असतील ते.

ठेकेदाराची या बिलातली मागणी: जांभ्यातली खोदाई १४.४० चे ७,२००, पीसीसी २.४३ चे १३,३६५, बांधकाम २३.१५ चे १,३८,९००. एकूण १,५९,४६५ रुपये. मापाप्रमाणे देय: मुरूम ४.६२ चे ९२४, जांभा ७.९२ चे ३,९६०, पीसीसी १.९८ चे १०,८९०, बांधकाम १६.२६ चे ९७,५६०. एकूण १,१३,३३४ रुपये. फरक ४६,१३१, आणि त्यातले ४१,३४० एकट्या भिंतीच्या ओळीतले. म्हणूनच वेळ तिथे घालवायचा.

टक्केवारीची निविदा असेल तर मंजूर टक्का यानंतर लावायचा. काम ५ टक्के कमी दराने घेतलं असेल तर १,१३,३३४ चे १,०७,६६७.३० होतात. ठेकेदाराच्या बिलात हा टक्का कधी कधी लावायचा राहून जातो. सुरक्षा ठेव, करकपात, १ टक्का कामगार उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन या कपाती त्यापुढे होतात. त्या लेखाशाखा बघते, पण परिमाण चुकलेलं असेल तर त्या सगळ्या चुकीच्या आकड्यावर लागतात.

ठेकेदाराला कळवताना नुसता फरकाचा आकडा सांगू नका. "भिंतीची रुंदी सरासरी धरली, १८ च्या पुढे उंची ०.८० आहे, मोरी वजा केली" असं कारण ओळीगणिक सांगा. तो म्हणाला उंची जास्त आहे, तर त्याला घेऊन पुन्हा नळी लावा. बिल मंजूर होऊन पैसे गेले की त्या मापांवर लाल शाईची तिरपी रेघ मारली जाते आणि बिलाचा क्रमांक टाकला जातो, म्हणजे तीच मापं पुन्हा बिलात येत नाहीत.

साइटवरून निघण्याआधी एक माप अजून राहिलंय. पुढच्या बिलात भिंतीमागचा मुरमाचा भराव येईल, आणि तो बहुधा ब्रासमध्ये, गाड्यांच्या हिशोबाने मागितला जाईल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, पण गाडीतला मुरूम सैल असतो. पाणी मारून ठोकला की बसतो. एकेक ब्रासच्या चार गाड्या म्हणजे ११.३२ घनमीटर, आणि भिंतीमागे १८ × १.०० × ०.५० एवढी जागा भरली असेल तर दाबलेला भराव ९.०० घनमीटरच आहे. निविदेत दाबलेला भराव असं लिहिलं असेल तर पैसे ९.०० चे. पण हे सांगायला भराव पडण्याआधीची जमीन कुठे होती ते माहीत पाहिजे. तेव्हा आजच, चर उघडा आहे तोवर, भिंतीमागे दर तीन मीटरला जोत्यावरच्या त्याच खुणेपासून नळीने जमिनीची पातळी घ्या, मापवहीत चढवा, आणि ठेकेदाराचा माणूस उभा आहे तोवर त्याची सही घ्या.